उरलेले दोनशे वीस अंक

शहादा तालुक्यातल्या आमच्या ब्राह्मणपुरीत एक आबा आहेत. कापूस, थोडा ऊस, थोडी मिरची अशी शेती, आणि मुलाने मोबाइलवर उघडून दिलेलं डिमॅट खातं. मी वर्तमानपत्रात शेअर बाजाराचा रोजचा वृत्तान्त लिहितो हे त्यांना ठाऊक आहे. मागे गावी गेलो तेव्हा त्यांनी दोन कात्रणं पुढे ठेवली. दोन्ही एकाच आठवड्यातली आणि दोन्ही माझीच. एकात लिहिलं होतं, महागाईच्या चिंतेने बाजार घसरला. दुसऱ्यात लिहिलं होतं, महागाईच्या चिंतेकडे दुर्लक्ष करत बाजार वधारला. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "भाऊ, मंगळवारी जिच्याकडे बघून बाजार पडला, तिच्याकडे गुरुवारी कोणीच बघितलं नाही?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. उत्तर खरं तर सोपं होतं. दोन्ही दिवशी मी आधी आकडा पाहिला आणि मग त्याला शोभेल असं कारण शोधलं. बाजार खाली असला की वाईट बातम्यांच्या ढिगातून एक उचलायची, वर असला की चांगल्यांच्या ढिगातून. चांगली सापडली नाही तर वाईटच घ्यायची आणि तिच्यापुढे 'कडे दुर्लक्ष करत' जोडायचं. दुपारी एक वाजता लिहून ठेवलेली 'तेलाच्या भाववाढीमुळे घसरण' ही कॉपी साडेतीनला बाजार वर बंद झाल्यावर मी दोन शब्द बदलून पाठवलेली आहे. कोणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्यासारखं काही घडलंय असं तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

आबांनाच मी विचारलं, मिरचीचा भाव मागच्या आठवड्यात का उतरला? ते सांगू लागले. आवक जास्त झाली होती. आभाळ भरून आलं होतं, आणि नंदुरबारच्या पथारीवर ओली मिरची वाळत पडलेली असताना पाऊस शिंतडला तर माल काळा पडतो, त्यामुळे व्यापारी हात आखडून बोली लावत होते. शिवाय आबांच्या मालात ओल जरा जास्तच होती. यातलं नेमकं कशामुळे किती उतरलं? "ते कसं सांगणार?" असं म्हणून ते तंबाखू मळू लागले. ज्या बाजारात ते स्वतः उभे असतात, तिथली कारणं ते तीन-चार सांगतात आणि हिशेब उघडा ठेवतात. ज्या बाजारात देशभरातले लाखो अनोळखी लोक एकाच दिवशी खरेदी-विक्री करतात, तिथलं कारण मात्र मी त्यांना रोज एका ओळीत सांगत होतो.

याचा इलाज म्हणून कारण लिहायचंच सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. वाचकाला 'का' हे हवं असतं आणि त्याचा थोडाफार भाग सांगताही येतो. किती सांगता येतो हे पाहायला एक दिवस घेऊ. बुधवार, १७ जानेवारी २०२४. त्या दिवशी सेन्सेक्स १,६२८ अंकांनी, म्हणजे २.२३ टक्क्यांनी घसरून ७१,५००.७६ वर बंद झाला. निफ्टी ४६० अंकांनी, म्हणजे २.०९ टक्क्यांनी उतरून २१,५७१.९५ वर आला.

आदल्या संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर एचडीएफसी बँकेने तिमाही निकाल जाहीर केले होते. बुधवारी तिचा शेअर ८.४ टक्के पडला. त्याच दिवशी हाँगकाँगचा हँगसेंग निर्देशांक ३.७ टक्के कोसळला, कारण (इथे मीही 'कारण' लिहूनच गेलो) चीनच्या आर्थिक वाढीचे आकडे आले होते आणि ते कोणाला आवडले नाहीत, असं तिथले वृत्तान्त सांगत होते. मंगळवारी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे एक गव्हर्नर ख्रिस्तोफर वॉलर यांनी व्याजदर कमी करण्याची घाई नको असं म्हटलं होतं आणि तिथल्या सरकारी रोख्यांचा परतावा वाढला होता. संध्याकाळी आलेल्या आकड्यांनुसार परकी संस्थांनी १०,५७८ कोटी रुपयांची निव्वळ विक्री केली होती. एवढ्या बातम्या हाताशी असताना एकेका ओळीचे चार वेगवेगळे वृत्तान्त लिहिता आले असते, आणि प्रत्येक खराच वाटला असता.

यात सर्वात आधी करायचं ते साधं गणित आहे. निर्देशांक म्हणजे भारित सरासरी. ज्या कंपनीचं वजन जास्त, तिच्या हलण्याने निर्देशांक जास्त हलतो. त्या सुमारास निफ्टीत एचडीएफसी बँकेचं वजन साधारण १३ टक्के होतं. तेरा टक्के वजनाचा शेअर ८.४ टक्के पडला तर निर्देशांक सुमारे १.०९ टक्के खाली येतो. आदल्या दिवशीच्या २२,०३२ या पातळीवर हे सुमारे २४० अंक होतात. म्हणजे ४६० पैकी निम्म्याहून थोडे अधिक अंक एका बँकेच्या शेअरमधून आले आणि सुमारे २२० उरले. सेन्सेक्समध्ये तीसच कंपन्या असल्याने तिथे या बँकेचं वजन आणखी जास्त पडतं. दोन निर्देशांकांच्या टक्केवारीत त्या दिवशी जो फरक दिसला, त्यातला काही भाग इथून येतो. हे गणित करायला पाच मिनिटं लागतात. वजनांचा तक्ता एनएसई प्रसिद्ध करते आणि भाव समोर असतात. वृत्तान्तातलं हे एक वाक्य असं आहे की त्याला कोणाच्या मताची गरज नाही. त्यात 'चिंता' नाही, 'धास्ती' नाही, नुसता गुणाकार आहे.

पण हे गणित 'कुठून' एवढंच सांगतं, 'का' सांगत नाही, आणि इथे बरेच जण घसरतात. दोनशे चाळीस अंक एचडीएफसी बँकेतून आले याचा अर्थ ते सगळे निकालामुळे आले असा होत नाही. त्या दिवशी सगळा बाजारच उतरला होता. निकाल लागलेच नसते तरी ही बँकही थोडी उतरली असती. उलट बाजूने पाहिलं तर इतर खासगी बँकांचे शेअर पडण्यामागे याच बँकेच्या निकालाचा हात असू शकतो. ठेवी जमवणं तिला जड जातंय, तर इतरांचंही तेच असेल असा हिशेब लोकांनी केला असेल. त्या दिवशी बँक निफ्टी ४ टक्क्यांहून अधिक घसरला. म्हणजे निकालाचा खरा वाटा २४० हून कमीही असेल आणि जास्तही. दोन्ही बाजूंनी सीमा पुसट आहे.

निकालाकडे वळलं की आणखी एक अडचण येते. बँकेचा निव्वळ नफा १६,३७२ कोटी रुपये होता, वर्षभरापूर्वीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे ३३ टक्के जास्त. समजा बुधवारी शेअर चार टक्के वर गेला असता, तर मथळा काय झाला असता? 'नफ्यात तेहतीस टक्के वाढ. एचडीएफसी बँकेची उसळी.' तो तयारच होता. शेअर पडला म्हणून आम्ही निकालाच्या आत शिरलो. मग दिसलं की १ जुलै २०२३ च्या विलीनीकरणाने गृहकर्ज कंपनीची कर्जं बँकेत आली आणि ठेवींच्या दर शंभर रुपयांमागे कर्जं एकशे दहाच्या आसपास गेली. की व्याजातला फरक ३.४ टक्क्यांवर अडकून आहे. की ठेवी हव्या त्या वेगाने वाढत नाहीत. हे सगळं खरं होतं, महत्त्वाचंही होतं. पण शेअर पडल्यावर ते आम्हाला महत्त्वाचं वाटलं, हेही तितकंच खरं. म्हणून मी आता कॉपी पाठवण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारतो. आज बाजार उलट्या दिशेने गेला असता तर हीच बातमी त्याचंही कारण म्हणून खपली असती का? उत्तर 'हो' आलं तर त्या बातमीला 'मुळे' लावायचं नाही. इथे उत्तर अर्धं 'हो' आहे. नफ्याच्या आकड्यापुरतं 'हो', ठेवींच्या आकड्यापुरतं 'नाही'.

यानंतर घड्याळ पाहायचं. बातमी केव्हा आली आणि भाव केव्हा हलला? १७ जानेवारीला घड्याळ फारशी मदत करत नाही. बँकेचे निकाल आदल्या संध्याकाळी लागले होते आणि न्यूयॉर्कमध्ये नोंदलेली तिची प्रमाणपत्रं रात्रीच पडली होती. वॉलर यांचं भाषणही रात्रीचंच. चीनचे आकडे आपल्या वेळेनुसार सकाळी साडेसातला आले, आणि हाँगकाँगचा बाजार तर सातलाच उघडतो. मुंबईत सव्वानऊला व्यवहार सुरू झाले तेव्हा या तिन्ही बातम्या सगळ्यांच्या हातात होत्या. पहिल्याच मिनिटाला बाजार खाली उघडला. तिघे एकदम दारातून आत शिरले, तर दार कोणी ढकललं हे दारावरून ओळखता येत नाही.

अशा वेळी वेगवेगळ्या क्षेत्रांकडे पाहायचं. अमेरिकी व्याजदराची भीती हेच मुख्य कारण असतं, तर अमेरिकेकडून पैसा मिळवणाऱ्या आयटी कंपन्या पहिल्यांदा हलायला हव्या होत्या. त्या दिवशी आयटी निर्देशांक किंचित वर होता. अर्थात त्या कंपन्यांचे स्वतःचे निकाल काहीच दिवसांपूर्वी लागले होते आणि त्यांचं वारं अजून होतं, तेव्हा ही साक्षही निखळ नाही. तरी 'अमेरिकी व्याजदरांच्या धास्तीने' हा मथळा यातून बाद होतो. धातू कंपन्यांचे शेअर मात्र ठळकपणे पडले होते. त्यांचा धागा चीनच्या मागणीशी जुळतो आणि एचडीएफसी बँकेच्या ठेवींशी अजिबात जुळत नाही. म्हणजे उरलेल्या २२० अंकांत चीनचा काही हात असावा. किती, ते सांगता येत नाही. शिवाय त्या काळात बँक निफ्टीच्या साप्ताहिक सौद्यांची मुदत बुधवारी संपायची, आणि मुदतीच्या दिवशी सौदे गुंडाळणाऱ्यांची धावपळ भावात उतरते. ती दिशा ठरवते की आधीची दिशा ताणते, हे बाहेर बसून दिसत नाही.

राहिली परकी संस्थांची विक्री. हे तर आमच्या धंद्यातलं सर्वात लाडकं कारण. 'परकी गुंतवणूकदारांच्या विक्रीच्या माऱ्यामुळे बाजार कोसळला.' आधी एवढं लक्षात घ्यावं की प्रत्येक विकल्या गेलेल्या शेअरला त्याच क्षणी घेणारा असतो. त्या दिवशी देशी संस्थांनी ४,००६ कोटींची निव्वळ खरेदी केली आणि बाकीचा माल इतरांनी घेतला. त्यांच्या खरेदीमुळे बाजार चढला असं कोणी लिहिलं नाही. दुसरं, या बँकेत निम्म्याच्या आसपास मालकी परक्या गुंतवणूकदारांची आहे. निकाल पाहून तिचे शेअर विकणाऱ्यांत तेच मोठ्या संख्येने असणार. मग 'निकाल' आणि 'परकी विक्री' ही दोन कारणं म्हणून मोजायची का? एकच गोष्ट एकदा दारातून आणि एकदा खिडकीतून दिसते आहे. 'परक्यांनी विकलं म्हणून पडला' हे 'लोकांनी विकलं म्हणून पडला' याहून फारसं वेगळं नाही, आणि 'पडला म्हणून पडला' याच्या ते जवळच येतं. 'नफावसुली' हा शब्द तर यांचा थोरला भाऊ. कोणी किती नफा वसूल केला, आमच्यापैकी कोणीही मोजलेलं नसतं. आकडा वाचकाला जरूर द्यावा, पण 'मुळे' न लावता, आणि तो संध्याकाळी आलेला प्राथमिक आकडा आहे हे सांगून.

एकच कारण ठामपणे लिहावं असे दिवस येतात. शुक्रवार, २० सप्टेंबर २०१९. वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन पणजीत होत्या आणि त्या सकाळी तिथूनच त्यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. बाजार सुरू होता. घोषणा आली आणि निर्देशांक उभा चढला. दिवसअखेर सेन्सेक्स १,९२१ अंकांनी, म्हणजे ५.३२ टक्क्यांनी वर बंद झाला. बातमी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. भाव हलला तो त्याच मिनिटांत. कर कमी झाला तर कंपन्यांच्या हाती थेट किती जास्त उरेल हे कागदावर मांडता येत होतं, आणि चढाचा आकार त्या रकमेला साजेसा होता. आणि ही बातमी उलट्या दिवशीचं कारण म्हणून वापरता आली नसती. कंपन्यांचा कर कमी झाला म्हणून बाजार कोसळला, असं निगरगट्टातला निगरगट्ट उपसंपादकही लिहिणार नाही. त्या दिवशी 'अनेक कारणांमुळे' लिहिणं हाच खोटेपणा ठरला असता.

हे मुद्दाम सांगतो, कारण एका कारणाची सवय सोडणारे हमखास दुसऱ्या टोकाला जातात. 'जागतिक व देशांतर्गत अशा विविध घटकांच्या पार्श्वभूमीवर.' मराठी बाजारवार्तेतला हा 'पार्श्वभूमीवर' मला 'मुळे' पेक्षाही लबाड वाटतो. 'मुळे' निदान छाती पुढे काढून खोटं बोलतो. 'पार्श्वभूमीवर' कारण सुचवतो आणि जबाबदारी टाळतो; विचारलं तर म्हणतो, मी कुठे कारण म्हटलं, मागे पडदा होता एवढंच सांगितलं. त्याचे सोबतीही ओळखीचे आहेत. 'च्या धास्तीने', 'च्या आशेने', 'बाजाराने स्वागत केले', 'गुंतवणूकदार हिरमुसले'. लाखो लोकांचं एकच मन आहे आणि ते आमच्या वार्ताहराशी फोनवर बोललं, असं यातून वाटतं. यांच्या जागी बसणारे शब्द साधे आहेत. 'नंतर', 'त्याच दिवशी', 'त्यातले इतके अंक', 'असं अमुक दलालीपेढीचं म्हणणं'. 'नंतर' या शब्दात घड्याळ असतं. 'मुळे' लिहायचं तर आधी ते घड्याळ पाहिलेलं असायला हवं.

आणखी एक गोष्ट आहे, तिला आमच्या पानावर जागाच नसते. रोज कारण लागतंच, हे कोणी ठरवलं? निफ्टी एखाद्या दिवशी अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे होणं हे त्याचं नेहमीचं चालणं आहे. त्यात विशेष शोधणं म्हणजे बैल चार पावलं डावीकडे का गेला याची चौकशी नेमणं. गोंधळ अंकांनी वाढवला आहे. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहता प्रकरण फुटलं तेव्हा, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला आणि ती घसरण पावणेतेरा टक्क्यांची होती. १७ जानेवारी २०२४ च्या ७१,५०० च्या पातळीवर ५७० अंक म्हणजे जेमतेम ०.८ टक्के. पण 'पाचशे सत्तर' हा आकडा कानाला तसाच मोठा वाटतो आणि मथळ्यात 'गडगडला' येऊन बसतो. गडगडला म्हटलं की खाली कारण हवंच. मी आता एक टक्क्याच्या आतल्या दिवशी फक्त काय वर, काय खाली आणि कुणाचा वाटा किती एवढंच देतो. पहिल्या आठवड्यात डेस्कवरून फोन आला, "कारण राहिलंय." राहिलं नव्हतं.

मोठ्या दिवसांचं काय? तिथेही हातात फार नसतं. डेव्हिड कटलर, जेम्स पोटर्बा आणि लॉरेन्स समर्स या तिघा अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दुसऱ्या महायुद्धानंतरचे अमेरिकी बाजारातले पन्नास सर्वांत मोठे एकदिवसीय चढउतार काढले आणि दुसऱ्या दिवशीच्या न्यूयॉर्क टाइम्सने त्यांची काय कारणं दिली होती ती समोर मांडली. काही ठिकाणी कारण ठसठशीत होतं. सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हाची घसरण त्यातलीच. पण बऱ्याच मोठ्या दिवसांना एवढा बदल पेलेल अशी बातमीच सापडत नव्हती. तरी वृत्तान्त त्या प्रत्येक दिवशी छापून आलेला होता. ही सवय एकट्या मराठी पानाची नाही, एवढंच समाधान.

आता १७ जानेवारीचा वृत्तान्त मला पुन्हा लिहायला दिला, तर असा लिहीन:

"मुंबई : सेन्सेक्स बुधवारी १,६२८ अंकांनी (२.२३ टक्के) घसरून ७१,५००.७६ वर बंद झाला. निफ्टी ४६० अंकांनी (२.०९ टक्के) उतरून २१,५७१.९५ वर आला. निफ्टीच्या घसरणीतले सुमारे २४० अंक एकट्या एचडीएफसी बँकेच्या शेअरमधून आले. बँकेने मंगळवारी बाजार बंद झाल्यावर तिमाही निकाल जाहीर केले होते; नफा वाढला, मात्र ठेवींच्या तुलनेत कर्जांचं प्रमाण चढं राहिलं. शेअर ८.४ टक्के घसरून बंद झाला.

उरलेल्या सुमारे २२० अंकांचं एक कारण सांगता येत नाही. इतर खासगी बँका आणि धातू कंपन्यांचे शेअर उतरले, आयटी निर्देशांक किंचित वर राहिला. चीनच्या आर्थिक वाढीच्या आकड्यांनंतर हाँगकाँगचा हँगसेंग ३.७ टक्के पडला होता. बँक निफ्टीच्या साप्ताहिक सौद्यांची मुदतही बुधवारीच संपली.

प्राथमिक आकड्यांनुसार परकी संस्थांनी १०,५७८ कोटी रुपयांची निव्वळ विक्री, तर देशी संस्थांनी ४,००६ कोटींची निव्वळ खरेदी केली."

मथळा : 'सेन्सेक्स १,६२८ अंकांनी खाली, निम्मा भार एका बँकेचा'. सेन्सेक्सचा आकडा आणि निफ्टीवरून काढलेला निम्मा, हे मथळ्यात शेजारी बसवणं काटेकोर नाही, हे मान्य. पण सेन्सेक्समध्ये बँकेचं वजन जास्तच असल्याने 'निम्मा' तिथेही खोटा पडत नाही.

हा मजकूर मी फोनवर आबांना वाचून दाखवला. ऐकून म्हणाले, "दोनशे वीसचं माहीत नाही असं सरळ छापणार?" म्हटलं, छापणार. त्यावर ते म्हणाले, "ते वाक्य कापतील बघ." आबांना वर्तमानपत्राच्या कचेरीचं काही ठाऊक नाही, पण बोलले ते अनुभवाचं. संध्याकाळी उशिरा जाहिरात आली आणि जागा कमी पडली की आमची कॉपी खालून कापली जाते. तेव्हा ते वाक्य शेवटच्या परिच्छेदात ठेवून चालत नाही. दुसऱ्याच परिच्छेदाच्या तोंडाशी घालायचं आणि कापायला खाली परकी-देशी संस्थांचे आकडे ठेवायचे.